साडेसतराच्या वर की खाली: टी-ट्वेंटीत एकूण षटकारांचा भाव कसा काढायचा

वीस षटकांच्या सामन्यात दोन्ही संघ मिळून किती षटकार मारतील, यावर ब्रिटनसारख्या देशांत परवानाधारक बुकमेकर भाव लावतात. भाव एका आकड्याभोवती फिरतो, उदाहरणार्थ साडेसतरा. या आकड्याला ओळ म्हणतात. अठरा किंवा जास्त षटकार झाले तर 'वर', सतरा किंवा कमी झाले तर 'खाली'. अर्धा जोडलेला असतो तो बरोबरी होऊ नये म्हणून. हा आकडा कुठून येतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे भाव कसे ठरतात, ते आयपीएलच्या एका वानखेडेवरच्या सामन्याचं उदाहरण घेऊन पाहू.

आधी कायद्याचं स्पष्ट सांगतो. २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात बंदी आहे, सट्टा त्यातच येतो. त्यामुळे पुणे-मुंबईतल्या वाचकाने हे गणित सामना समजून घेण्यासाठी वापरावं. लंडन-मँचेस्टरला राहणाऱ्या वाचकासाठी भाव आणि मार्जिनचा भागही तितकाच कामाचा आहे. गणित दोघांना एकच.

पाया: एका सामन्यात सरासरी किती?

पहिलं काम म्हणजे स्पर्धेची सरासरी. ती ताजीच हवी, कारण हा आकडा झपाट्याने बदलतोय. आयपीएलमध्ये २०२२ साली १०६२ षटकार लागले, २०२३ साली ११२४ आणि २०२४ साली सुमारे १२६०. तिन्ही वर्षी वेळापत्रकात सामने ७४च. २०२३ मध्ये इम्पॅक्ट प्लेअरचा नियम आला आणि प्रत्येक संघाला एक जादा फलंदाज खेळवता येऊ लागला. म्हणून २०२३ च्या आधीचे आकडे आजच्या सामन्याला लावायचे नाहीत.

आता एक बारकी गोष्ट, पण भावावर तिचा थेट परिणाम होतो. १२६० ला ७४ ने भागलं तर उत्तर १७.०३ येतं. पण २०२४ च्या मे महिन्यात अहमदाबाद, हैदराबाद आणि गुवाहाटी इथले तीन सामने एकही चेंडू न पडता पावसात गेले. खेळले गेलेले सामने ७१, आणि १२६० भागिले ७१ म्हणजे १७.७५, पावणेअठरा. पाऊण षटकाराचा फरक. तो किती महाग पडतो ते पुढे कळेल. कोलकात्याचा एक सामना तर सोळा-सोळा षटकांचा झाला होता. म्हणून सरासरी सामन्यांवर काढण्यापेक्षा चेंडूंवर काढावी. दोन्ही डाव मिळून सामन्यात साधारण २३२ चेंडू पडतात असं धरलं, तर दर चेंडूमागे ०.०७६ षटकार, म्हणजे सुमारे १३ चेंडूंत एक. पुढचं सगळं गणित या दरावर उभं आहे.

चेंडूच का मोजायचे, ते २०२४ च्या चेन्नईतल्या अंतिम सामन्यात दिसतं. हैदराबाद १८.३ षटकांत ११३ वर सर्वबाद झाली आणि कोलकात्याने १०.३ षटकांत सामना संपवला. एकूण चेंडू पडले १७४. २४० पैकी ६६ चेंडू टाकलेच गेले नाहीत. फलंदाज कितीही तगडे असले तरी न टाकलेल्या चेंडूवर षटकार लागत नाही.

याच्या उलट बाजूचं उदाहरण त्याच मोसमातलं, हैदराबादचं. ८ मे रोजी लखनौने १६५ केल्या आणि ट्रॅव्हिस हेड व अभिषेक शर्मा यांनी ते लक्ष्य ९.४ षटकांत एकही गडी न गमावता गाठलं. हेडचे आठ षटकार, अभिषेकचे सहा. ५८ चेंडूंत चौदा षटकार! दर चेंडूमागचा वेग पाहिला तर डोळे पांढरे होतात, पण त्या डावाचे ६२ चेंडू शिल्लक राहिले. पाठलाग करणारा संघ फार बलाढ्य असेल तर तो षटकार मारतो आणि स्वतःचेच चेंडू कमीही करतो. नवखा माणूस यातला पहिला अर्धा भाग धरतो आणि दुसरा विसरतो.

फलंदाजीची खोली

खोली म्हणजे आठव्या-नवव्या क्रमांकापर्यंत मारणारे फलंदाज असणं. यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहे. आठव्या क्रमांकाचा फलंदाज सरासरी पाच-सहा चेंडू खेळतो. तो अगदी धडाकेबाज असला तरी त्याच्या वाट्याला अर्धा-पाऊण षटकार येणार. मग खोलीने आकडा वाढतो कसा? तो वरच्या फळीमुळे वाढतो. मागे फलंदाज आहेत हे माहीत असलं की पहिले चार जण विकेटची फिकीर सोडतात. सातव्या षटकात दोन बाद झाले तरी चौथ्या क्रमांकाचा फलंदाज डाव सावरायला म्हणून दहा चेंडू वाया घालवत नाही. इम्पॅक्ट प्लेअरनंतर आयपीएलमध्ये दिसला तो हाच बदल. म्हणून खोलीची नोंद करताना खालच्या फलंदाजांच्या षटकारांची बेरीज करून थांबू नका. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचा दर थोडा वर-खाली करायचा असतो.

आता प्रत्येक फलंदाजाचा दर काढू. दोन खेळाडू शेजारी ठेवून बघा. २०२४ मध्ये विराट कोहलीने ४७९ चेंडूंत ३८ षटकार मारले, अभिषेक शर्माने सुमारे २३७ चेंडूंत ४२. मोसमाच्या यादीत दोघे जवळजवळ दिसतात. पण कोहलीचा षटकार दर १२.६ चेंडूंनी येतो, अभिषेकचा दर ५.६ चेंडूंनी. यादीत 'सर्वाधिक षटकार' वाचून अंदाज बांधायचा नाही तो यासाठी.

तरीही अभिषेकचा ५.६ हा दर पुढच्या सामन्याला तसाच उचलून लावायचा नाही. २३७ चेंडू हा छोटा नमुना आहे, आणि ज्याचा मोसम डोळ्यांत भरतो त्याला थोडी नशिबाची साथही मिळालेली असते. सोपा उपाय असा: प्रत्येक खेळाडूच्या खात्यात सरासरी दराचे १०० चेंडू घालायचे. १०० चेंडूंचे सरासरी षटकार ७.६. अभिषेकचं मग (४२ + ७.६) भागिले (२३७ + १००), म्हणजे ०.१४७, दर ६.८ चेंडूंत एक. कोहलीचे चेंडू जास्त असल्याने त्याचा दर जवळजवळ जागेवरच राहतो, १२.७. आणि नवीन आलेला एखादा मुलगा, ज्याने बारा चेंडूंत तीन षटकार मारलेत? त्याचा कागदावरचा दर चार चेंडूंत एक असा आहे. १०० चेंडू घातल्यावर तो साडेदहा चेंडूंत एक होतो. त्याच्याविषयी आपल्याला खरोखर तेवढंच माहीत असतं. हात बसला की स्पर्धेच्या सरासरीऐवजी त्या-त्या क्रमांकाची सरासरी घाला, कारण सलामीवीर आणि सहाव्या क्रमांकाचा फलंदाज यांच्या कामात फार अंतर आहे.

आता वानखेडेवर रात्रीचा सामना आहे असं धरू. पुढचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, रीत मात्र खरी आहे. पहिली फलंदाजी करणाऱ्या संघाला ११८ चेंडू मिळतील असा अंदाज. सलामीवीराला २२ चेंडू, दर १२ चेंडूंत एक, म्हणजे १.८ षटकार. दुसऱ्याला २० चेंडू, पंधरात एक, १.३. तिसऱ्याला २० चेंडू, सोळात एक, १.२५. चौथा १७ चेंडूंत १.४, पाचवा १४ चेंडूंत १.३, सहावा ११ चेंडूंत १.१. सातव्याला ८ चेंडू, ०.७. उरलेल्या सगळ्यांना मिळून ६ चेंडू, ०.३. बेरीज साधारण ९.२.

दुसऱ्या संघाची खालची फळी लवकर सुरू होते. शिवाय पाठलाग एकतर लवकर संपेल नाहीतर गडगडेल, म्हणून त्यांना ११२ चेंडू. त्याच रीतीने त्यांचे येतात ८.१. दोन्ही मिळून १७.३. हा आकडा सर्वसाधारण मैदानावरचा. वानखेडे अजून त्यात आलेलं नाही.

समोरची गोलंदाजी इथेच तपासून घ्यावी. जसप्रीत बुमराचे २४ चेंडू म्हणजे डावाचा पाचवा हिस्सा. त्याच्यावर सरासरीच्या निम्मेच षटकार बसतील असं मानलं, तर समोरच्या संघाचा आकडा दहा टक्क्यांनी खाली येतो, जवळपास एक षटकार. तो खेळतोय की विश्रांती घेतोय हे कळण्याआधी भाव पक्का करू नये. आपल्या उदाहरणात दोन्ही बाजूंची गोलंदाजी सरासरी धरली आहे.

सीमारेषा: मीटर कुठून मोजतात?

आयसीसीच्या नियमांनुसार सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून कमीत कमी ५९.४३ मीटर आणि जास्तीत जास्त ८२.२९ मीटर. म्हणजे ६५ ते ९० यार्ड. यातले महत्त्वाचे शब्द 'खेळपट्टीच्या मध्यापासून' हे आहेत, आणि मोजमाप होतं ते त्या दिवशी वापरात असलेल्या खेळपट्टीपासून.

मैदानाच्या मधल्या चौकोनात अनेक खेळपट्ट्या शेजारी शेजारी असतात, प्रत्येक साधारण तीन मीटर रुंद. सामना अगदी मधल्या खेळपट्टीऐवजी तिसऱ्या बाजूच्या पट्टीवर ठेवला, तर एका बाजूची सीमारेषा नऊ मीटरने जवळ येते आणि दुसरी नऊ मीटरने लांब जाते. दोर हलवला नाही, तर एका बाजूला ६० आणि समोर ७८ असं चित्र दिसू शकतं. सरासरी दोन्ही वेळी ६९च. षटकारांची संख्या मात्र सारखी राहत नाही. जवळच्या बाजूला वाढणारे षटकार लांबच्या बाजूला कमी होणाऱ्या षटकारांपेक्षा जास्त असतात, कारण फलंदाज निवड करतो: तो लांबच्या बाजूला मारणं सोडून देतो आणि जवळच्या बाजूची वाट पाहतो. त्यावर गोलंदाजाचा उपाय म्हणजे लांबच्या बाजूला मारावं लागेल अशा टप्प्यावर चेंडू टाकणं. पण प्रत्येक षटकानंतर टोक बदलतं आणि डावरा-उजवा फलंदाज अशी जोडी असली की जवळची बाजू कधी लेग, कधी ऑफ होते. डावऱ्या-उजव्यांची भरणा असलेले संघ अशा खेळपट्टीवर फायद्यात असतात.

म्हणून सामन्याआधीच्या कार्यक्रमात समालोचक खेळपट्टीवर उभं राहून 'या बाजूला ६२, त्या बाजूला ७३, समोर ७०' असं सांगतात, ते लिहून घ्या. भाव काढणाऱ्याला त्या पाच मिनिटांत जेवढं मिळतं तेवढं बाकी तासाभरात मिळत नाही. मैदानाच्या नावावर विसंबू नका. एकाच मैदानावर आज आणि चार दिवसांनी वेगळी पट्टी असू शकते.

समोरची आणि बाजूची सीमारेषा वेगवेगळी तोलायची. ऑकलंडचं ईडन पार्क हे मुळात रग्बीचं मैदान, समोरच्या सीमारेषा फारच जवळ. तिथे १६ फेब्रुवारी २०१८ ला न्यूझीलंडने २४३ केल्या आणि ऑस्ट्रेलियाने त्यांचा पाठलाग पूर्ण केला. त्या सामन्यात ३२ षटकार लागले. समोर जवळ सीमारेषा असली की सरळ बॅटने मारणाऱ्यांचा, आणि पुढे पडलेल्या चेंडूला उचलणाऱ्यांचा दर वाढतो. बाजूला जवळ असली की पुल आणि स्वीप खेळणाऱ्यांचा.

हवेचाही भाग आहे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे, तिथली हवा विरळ, चेंडू थोडा लांब जातो. त्यात सीमारेषा जवळच्या. १५ एप्रिल २०२४ ला तिथे हैदराबादने २८७ आणि बेंगळुरूने २६२ केल्या, षटकार ३८. वानखेडे समुद्राकाठी आहे, उंचीचा फायदा नाही. पण लाल मातीची उसळी आणि रात्री पडणारं दव आहे. ओला चेंडू हातातून निसटतो, फिरकीपटूला पकड मिळत नाही.

हे सगळं एका गुणकात आणायचं. गेल्या दोन-तीन मोसमांत त्या मैदानावर जे संघ खेळले, त्यांचा दर चेंडूमागचा षटकारांचा दर तिथे किती आणि त्याच संघांचा इतरत्र किती, याचं गुणोत्तर काढा. यजमान संघाचेच मारणारे जास्त असले तर नुसत्या मैदानाच्या सरासरीने फसगत होते, म्हणून तेच संघ दोन्हीकडे घ्यायचे. एका मोसमात एका मैदानावर सात-आठच सामने होतात, तेव्हा निघालेलं गुणोत्तर निम्मं १ कडे ओढा. १.०८ आलं तर १.०४ लावा. आपल्या उदाहरणात हेच धरू: १७.३ गुणिले १.०४ म्हणजे १८.०.

धावगतीने पडताळा

एका वाटेने आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. दुसरी वाट धावांची. २०२४ च्या आयपीएलमध्ये धावगती षटकामागे साडेनऊच्या थोडी वर होती. त्या हिशेबाने २३२ चेंडूंत ३७० च्या आसपास धावा होतात. पावणेअठरा षटकारांच्या धावा १०६. म्हणजे एकूण धावांपैकी सुमारे २९ टक्के धावा षटकारांच्या.

आजच्या सामन्यात पहिल्या संघाच्या १९० आणि दुसऱ्याच्या १७८ धावा अपेक्षित आहेत असं समजू, एकूण ३६८. त्याचे २९ टक्के १०७. भागिले सहा, १७.८. फलंदाजांवरून आलेला आकडा १८.०, धावांवरून आलेला १७.८. दोन्ही जवळ आहेत, १८ धरायला हरकत नाही.

दोन्हींत दोनपेक्षा जास्त अंतर पडलं, तर कुठेतरी काहीतरी राहिलंय. बहुतेक वेळा गडबड २९ टक्क्यांत असते. मोठ्या मैदानावर आणि वेगवान आउटफिल्डवर तेवढ्याच धावा चौकार आणि दुहेरी धावांनी होतात, तिथे हा वाटा खाली येतो. जवळच्या सीमारेषेच्या संथ मैदानावर तो वर जातो. धावसंख्या दोनशे पलीकडे गेली तरी वाटा वाढतो, कारण तिथवर नुसत्या चौकारांनी पोचता येत नाही.

आकड्यावरून भाव

सरासरी १८ आली म्हणजे साडेसतराच्या वर जायची शक्यता किती? यासाठी सरासरीभोवतीचा पसारा लागतो. पुस्तकात पहिल्यांदा भेटतं ते प्वासाँचं वितरण. त्यात पसारा, म्हणजे व्हेरियन्स, सरासरीइतकाच असतो. षटकारांना ते पुरत नाही. खेळपट्टी, दव, सीमारेषा ही दोन्ही डावांत एकच असते. एका डावात षटकार बरसले तर दुसऱ्यातही बरसण्याची शक्यता वाढते. २६ एप्रिल २०२४ ला ईडन गार्डन्सवर कोलकात्याने १८ षटकार मारले आणि पंजाबने २६२ चा पाठलाग करताना २४. एकूण ४२. असे सामने प्वासाँच्या हिशेबात जवळजवळ अशक्य असतात, प्रत्यक्षात मात्र येतात.

म्हणून निगेटिव्ह बायनोमिअल वितरण वापरायचं. त्याला सरासरीबरोबर आणखी एक आकडा लागतो, k. तो आपल्याच नोंदींतून काढायचा. जुन्या सामन्यांचा प्रत्येकी अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांतला फरक घ्या, त्याचा वर्ग करा, सगळ्या वर्गांची सरासरी काढा. समजा ती ३० आली. सरासरी षटकार १८. मग k म्हणजे १८ चा वर्ग भागिले (३० वजा १८): ३२४ भागिले १२, २७. दुसरा आकडा p म्हणजे २७ भागिले (२७ + १८), ०.६. एक्सेलमध्ये साडेसतराच्या वरची शक्यता अशी:

```
=1-NEGBINOM.DIST(17,27,0.6,TRUE)
```

उत्तर ०.५०८. भाव म्हणजे जिंकल्यावर लावलेल्या पैशाच्या किती पट रक्कम, मूळ पैसे धरून, परत मिळते तो आकडा. रास्त भाव म्हणजे १ भागिले शक्यता: 'वर' १.९७, 'खाली' २.०३. एक्सेल k चा पूर्णांकच घेतं, तेव्हा तो जवळच्या पूर्णांकावर आणून लिहा.

प्वासाँने साडेसतराच्या वरची शक्यता ०.५३१ येते. फरक फार वाटत नाही. पण साडेचोवीसची ओळ पाहा. निगेटिव्ह बायनोमिअलने पंचवीस किंवा अधिक षटकारांची शक्यता ०.१२१, रास्त भाव ८.२५ च्या आसपास. प्वासाँने ०.०६८, भाव साडेचौदा. मधल्या ओळीवर दोघे शेजारी, टोकाला एकाचा भाव दुसऱ्याच्या पावणेदोनपट. प्वासाँवर भाव लावणारा बुकमेकर साडेचोवीसच्या वर दहा देऊन बसेल आणि त्याला वाटेल की आपण कमाई करतोय.

आता बुकमेकर जो भाव दाखवतो तो बघा. समजा दोन्ही बाजूंना १.८७. एक भागिले १.८७ म्हणजे ५३.५ टक्के, दोन्ही मिळून १०७. वरचे सात टक्के त्याचं मार्जिन. 'वर' घेणाऱ्याला नुसतं बरोबरीत राहण्यासाठी ५३.५ टक्के शक्यता हवी, आणि आपलं गणित ५०.८ सांगतंय. इथे काही करण्यासारखं नाही. बहुतेक सामन्यांत हेच उत्तर येतं.

सुरुवातीच्या पाऊण षटकाराकडे आता परत येऊ. सरासरी १८ ऐवजी १७ धरली, तर साडेसतराच्या वरची शक्यता ५०.८ वरून साधारण ४४ च्या खाली येते. एका षटकाराची चूक म्हणजे सात टक्के, बुकमेकरच्या अख्ख्या मार्जिनएवढी. त्याच कारणाने ओळ साडेसोळावर आली की 'वर'चा रास्त भाव १.७२ होतो आणि साडेपंधरावर १.५३. ७४ ने भागून काढलेली सरासरी वापरणारा रोज पाच टक्के चुकीच्या बाजूला असतो आणि त्याला कळतही नाही. आपला आकडा बुकमेकरच्या ओळीपासून तीन-चार षटकार दूर आला, तर घबाड सापडलं असं समजू नये. आधी संघाची यादी, खेळपट्टीची पट्टी आणि पावसाचा अंदाज पुन्हा बघावा. बहुधा त्याला काहीतरी माहीत आहे जे आपल्या वहीत नाही.

टॉसनंतर आणि डावाच्या मध्ये

टॉसपर्यंत थांबणं जमत असेल तर थांबा. अंतिम अकरा आणि इम्पॅक्टसाठीची नावं तेव्हाच कळतात, आणि दवात दुसरी फलंदाजी कोण करणार तेही.

पहिल्या डावानंतर आकडा बदलायचा तर तो अर्धवट बदलायचा. आपण पहिल्या संघाचे वानखेडेच्या गुणकासकट साडेनऊ धरले होते, लागले अकरा. म्हणजे १६ टक्के जास्त. खेळपट्टी खरंच सोपी असेल, किंवा एकाच फलंदाजाचा दिवस असेल. म्हणून फरकाचा तिसरा हिस्सा घ्या, पाच टक्के. दुसऱ्या संघाचे ८.१ गुणिले १.०४ म्हणजे ८.४, त्यावर पाच टक्के, ८.८. एकूण ११ आणि ८.८ मिळून १९.८. अकरा दुणे बावीस हा हिशेब करू नका. त्यानंतर लक्ष्याकडे पाहा: २१० असेल तर पाठलाग करणारे पहिल्या षटकापासून हाणतील, दर वाढवा. १४० असेल तर चेंडू कमी करा, कारण डाव सोळाव्या षटकात संपू शकतो आणि घाई कुणालाच नसेल.

षटकार म्हणून काय धरलं जातं, हेही नियमांत वाचून घ्यावं. नो-बॉलवर आणि फ्री हिटवर मारलेला षटकार धरतात. ओव्हरथ्रोने मिळालेल्या सहा धावा षटकार नव्हेत, चेंडू बॅटवरून थेट सीमेपलीकडे पडायला हवा. सुपर ओव्हरमधले षटकार बहुतेक ठिकाणी एकूणात येत नाहीत. पावसाने षटकं कमी झाली तर काही बुकमेकर पैसे परत करतात, काही किती षटकं व्हायला हवीत याची अट घालतात. प्रत्येकाचा नियम वेगळा. तेव्हा पावसाची शक्यता असलेल्या रात्री भाव पाहण्याआधी हाच परिच्छेद वाचायचा.

शेवटचं काम म्हणजे वही. प्रत्येक सामन्याआधी सरासरी, ओळ आणि शक्यता लिहा, सामन्यानंतर प्रत्यक्ष आकडा. पन्नासेक सामने झाले की दोन गोष्टी तपासा. अंदाज वजा प्रत्यक्ष यांची सरासरी शून्याजवळ आहे का? ती सतत उणे येत असेल तर तुमची पायाची सरासरी जुनी झाली आहे, चालू मोसमातल्या चेंडूंवरून ती पुन्हा काढा. आणि ज्या सामन्यांना तुम्ही साडेचोवीसच्या वर १२ टक्के दिले होते, त्यांपैकी खरंच आठांत एखादा तिथवर जातोय का? दर पाचांत एक जात असेल तर k २७ नाही, तो कमी आहे. वर्गांची बेरीज नव्याने करून तो बदला.